अभ्यासाचे तास आणि गणिताचे गुण : कोल्हापूरच्या एका शाळेतील पाहणीचे प्रकरण

कोल्हापूर शहरातील एका माध्यमिक शाळेत दहावीच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली, असे समजू. ही शाळा आणि तिचे आकडे मी या प्रकरणासाठी रचलेले आहेत, आणि हिशेब वाचकाला कागद-पेन्सिल घेऊन पडताळता यावा म्हणून ते मुद्दाम गोल ठेवले आहेत. मात्र अशी पाहणी, तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष आणि त्या निष्कर्षावर बसवला जाणारा नियम या गोष्टी शाळेत काम केलेल्या कोणालाही ओळखीच्या वाटतील.

शाळा मंगळवार पेठेच्या बाजूची आहे. तिच्यात निम्मी मुले शहरातील पेठांमधून येतात, तर निम्मी करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील गावांतून एस.टी.ने किंवा सायकलने येतात. जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा झाली. बीजगणित आणि भूमितीच्या प्रत्येकी ४० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिकांचे मिळून ८० गुण शाळेने १०० वर आणून धरले. निकाल वाटून झाल्यानंतरच्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी प्रत्येक मुलाकडून एक अर्ज भरून घेतला. त्यावर नाव, हजेरी क्रमांक आणि एकच प्रश्न होता : “गेल्या दोन महिन्यांत शाळा आणि शिकवणीचा वेळ सोडून तुम्ही रोज सरासरी किती तास अभ्यास केला?”

असे १२० अर्ज जमा झाले. रोज तीन तास किंवा त्याहून अधिक अभ्यास केल्याचे ६० मुलांनी लिहिले होते. त्यांचे सरासरी तास ४ आणि गणिताचे सरासरी गुण ६८ होते. उरलेल्या ६० मुलांचे सरासरी तास २ आणि सरासरी गुण ५० होते. म्हणजे दोन तासांच्या फरकामागे १८ गुणांचा फरक दिसत होता. मुख्याध्यापकांनी भागाकार केला आणि फळ्यावर सूचना लागली : “रोज एक तास अभ्यास वाढवा, गणितात नऊ गुण वाढतील.” त्याबरोबरच दुसरा निर्णय झाला. ज्यांनी तीन तासांपेक्षा कमी लिहिले होते, त्या ६० मुलांना बोर्डाच्या परीक्षेपर्यंत संध्याकाळी सहा ते आठ शाळेत थांबणे सक्तीचे करण्यात आले.

या सूचनेतील वजाबाकी आणि भागाकार दोन्ही अचूक आहेत. जास्त तास लिहिणाऱ्या मुलांचे गुण खरोखरच जास्त आहेत, आणि हा फरक बारीकसारीकही नाही. प्रश्न वेगळाच आहे. पाहणीने दोन वेगवेगळ्या मुलांची तुलना केली : एक जो चार तास बसतो आणि दुसरा जो दोन तास बसतो. सूचना मात्र एकाच मुलाविषयी बोलते : जो आज दोन तास बसतो, तो उद्या चार तास बसला तर काय होईल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला तेव्हाच लागू पडते, जेव्हा ती दोन मुले अभ्यासाच्या तासांखेरीज गुणांवर परिणाम करणाऱ्या सर्व बाबतींत सरासरीने सारखी असतील. ती तशी आहेत की नाहीत, याविषयी १२० अर्जांमध्ये एक अक्षरही नव्हते.

नववीचे रजिस्टर

गणित शिकवणाऱ्या बाईंना हे खटकले, आणि त्यांनी वाद घालण्याऐवजी नववीच्या वार्षिक परीक्षेचे रजिस्टर काढले. नववीत गणितात ६० किंवा त्याहून अधिक गुण मिळवलेली मुले एका गटात आणि बाकीची दुसऱ्या गटात, अशी त्यांनी विभागणी केली. योगायोगाने दोन्ही गटांत ६०-६० मुले आली. मग प्रत्येक गटात जास्त तासवाले किती आणि कमी तासवाले किती, हे मोजून त्यांनी पूर्वपरीक्षेची सरासरी काढली.

| नववीतील स्थिती | जास्त तास (सरासरी ४) | कमी तास (सरासरी २) |
|---|---|---|
| गणितात पुढे असलेली ६० मुले | ४५ मुले, सरासरी ७४ | १५ मुले, सरासरी ६८ |
| गणितात मागे असलेली ६० मुले | १५ मुले, सरासरी ५० | ४५ मुले, सरासरी ४४ |
| सर्व १२० मुले | ६० मुले, सरासरी ६८ | ६० मुले, सरासरी ५० |

तक्त्याची खालची ओळ म्हणजेच मुख्याध्यापकांची पाहणी. वरच्या दोन ओळी मात्र वेगळे सांगतात. नववीत पुढे असलेल्या मुलांची आपापसांत तुलना केली, तर जास्त तास आणि कमी तास यांत ६ गुणांचा फरक आहे. मागे असलेल्यांची आपापसांत तुलना केली, तरी तो ६ गुणांचाच आहे. दोन्ही गटांत ६ असलेला फरक एकत्र केल्यावर १८ कसा झाला? कारण जास्त तासांच्या रकान्यातील ६० मुलांपैकी ४५ जण आधीपासूनच गणितात पुढे होते आणि कमी तासांच्या रकान्यात असे फक्त १५ होते. पुढची मुले आणि मागची मुले यांच्यात, तास सारखे असले तरी, २४ गुणांचे अंतर आहे. एका रकान्यात पुढच्या मुलांचा वाटा तीन चतुर्थांश आणि दुसऱ्यात एक चतुर्थांश, म्हणजे अर्ध्याचा फरक. २४ चे अर्धे १२. एकूण १८ पैकी १२ गुण हे दोन्ही रकान्यांत मुळात वेगवेगळी मुले जमा झाल्यामुळे आले होते, आणि ते संध्याकाळी सहा ते आठ कोणाला बसवून मिळण्यासारखे नव्हते.

येथे नववीची तयारी हा दोन्हींमागे उभा असलेला तिसरा घटक आहे. ज्याला बीजगणिताचा पाया पक्का आहे, त्याला उदाहरणे सुटतात, सुटतात म्हणून बसावेसे वाटते आणि त्याचे तास वाढतात. त्याच पायामुळे परीक्षेत त्याचे गुणही वाढतात. तासांनी गुणांना काहीही केले नसते, तरी या दोन वाटांमुळे तास आणि गुण बरोबरीने वाढताना दिसले असते. संख्याशास्त्रात दोन राशी अशा बरोबरीने बदलण्याला सहसंबंध म्हणतात, आणि सहसंबंधाच्या आकड्यावर तो कोणत्या वाटेने आला हे लिहिलेले नसते.

बाईंनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील हे सर्वांत उपयुक्त पाऊल आहे. त्यांनी दहावीतल्या तासांची तुलना दहावीच्या गुणांशी न करता नववीच्या गुणांशी केली. पुढच्या गटाची नववीची सरासरी ७२ आणि मागच्या गटाची ४६ होती, आणि प्रत्येक गटात जास्त तासवाले व कमी तासवाले नववीत सारखेच होते. यावरून दहावीत जास्त तास बसणाऱ्या ६० मुलांची नववीची सरासरी ६५.५ निघते, तर कमी बसणाऱ्यांची ५२.५. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरातील अभ्यासाचा पहिला तास बसण्याच्या कित्येक महिने आधीच या दोन गटांत १३ गुणांचे अंतर होते. डिसेंबरातील अभ्यास त्याआधीच्या एप्रिलमधील परीक्षेचे गुण वाढवू शकत नाही. तरीही ‘जास्त तास, जास्त गुण’ हे नाते तेथेही ठसठशीतपणे उमटते. एखादी तुलना जिथे परिणाम असणे अशक्य आहे तिथेही परिणाम दाखवत असेल, तर जिथे परिणाम शक्य आहे तिथे तिने दाखवलेला संपूर्ण आकडा खरा मानता येत नाही. ही तपासणी करायला कोणत्याही शाळेला जुन्या रजिस्टरापलीकडे काही लागत नाही.

मग सहा गुण तरी खरे का?

हा तक्ता पाहिल्यावर मुख्याध्यापकांनी जो प्रश्न विचारला, तो स्वाभाविक होता : “ठीक आहे बाई, नऊ नाही तर तीन. एका तासाला तीन गुण, असे तरी लिहू या का?” दोन तासांमागे ६ म्हणजे एका तासामागे ३, हा हिशेब पुन्हा बरोबर आहे, पण आधीच्या आकड्याला जी अडचण होती, ती याही आकड्याला आहे, फक्त तिचे आकारमान बदलले आहे.

नववीत मागे असलेली, पण रोज चार तास बसणारी १५ मुले आणि दोनच तास बसणारी ४५ मुले यांचाच विचार करा. नववीचे गुण सारखे असताना ही मुले वेगवेगळे तास का बसतात? एखाद्या मुलाला पहाटे उठून म्हशींचे दूध काढून डेअरीत घालावे लागते आणि संध्याकाळी पुन्हा तेच काम असते. एखादी मुलगी आई कामावरून येईपर्यंत घरचा स्वयंपाक पाहते. एखाद्याला गुजरीतल्या दुकानात हातभार लावावा लागतो. कोणाच्या घरी टेबल, दिवा आणि शांतता आहे, कोणाकडे एका खोलीत सहा माणसे आणि चालू टीव्ही. ज्यांना तास मिळतात, त्यांना बहुधा झोपही पुरेशी मिळते, शंका विचारायला कोणीतरी मोठे माणूसही घरात असते आणि गणिताची चांगली शिकवणीही लावलेली असते. या प्रत्येक गोष्टीचा गुणांवर स्वतंत्र परिणाम होऊ शकतो. त्यामुळे उरलेल्या ६ गुणांपैकी किती अभ्यासाच्या वेळेचे आणि किती या बाकीच्या परिस्थितीचे, हे तक्ता सांगत नाही.

यावर उपाय म्हणून आणखी वाटण्या कराव्यात, असे वाटते, आणि काही अंतरापर्यंत ते योग्यही आहे. परंतु त्या १५ मुलांची घरकामानुसार दोन भागांत आणि शिकवणीनुसार पुन्हा दोन भागांत वाटणी केली, की एकेका खणात तीन-चार मुले उरतात. तीन मुलांची सरासरी एकाच्या तापामुळे दहा गुणांनी हलते. शिवाय वाटणी त्याच गोष्टीची करता येते जी मोजलेली आहे. घरकाम विचारता येईल, शिकवणी विचारता येईल, पण मुलाची चिकाटी, गणिताची भीती, बहिणीशी चढाओढ किंवा वडिलांचा धाक यांचे रकाने कोणत्या अर्जावर काढायचे? जे मोजले नाही, ते सारखे करता येत नाही, आणि पाहणीत नेमके काय मोजायचे राहून गेले याची यादी कधीही पूर्ण होत नाही.

याच्या उलट दिशेचाही विचार करावा लागतो, आणि तो बहुतेकदा राहून जातो. नववीचे गुण हे काही आकाशातून पडलेले नाहीत. ज्या मुलाला आठवीपासून रोज बसण्याची सवय आहे, त्याचे नववीचे गुण त्या सवयीनेही वाढलेले असू शकतात, आणि तीच सवय दहावीत चार तासांच्या रूपाने दिसते. अशा वेळी नववीचे गुण सारखे धरून केलेली तुलना, अभ्यासाने पूर्वी मिळवून दिलेला लाभ हिशेबातून काढून टाकते आणि केवळ शेवटच्या दोन महिन्यांचा वाटा तेवढा शिल्लक ठेवते. म्हणून ३ हा आकडा खऱ्या परिणामापेक्षा जास्त असू शकतो, तसाच कमीही असू शकतो. पाहणीच्या आकड्यात फक्त फुगवटाच असतो, हे मानणेही तितकेच घाईचे आहे.

गुणांमुळे तास

आतापर्यंत कारणाचा बाण तासांकडून गुणांकडे जातो की तिसऱ्याच घटकाकडून दोघांकडे, एवढेच पाहिले. बाण गुणांकडून तासांकडेही जाऊ शकतो. पहिल्या सत्र परीक्षेचा निकाल दिवाळीच्या आसपास हाती येतो. ज्या मुलांना त्यात कमी गुण पडले, त्यांच्यापैकी काहींच्या घरी दुसऱ्याच दिवसापासून मोबाइल काढून घेतला जातो आणि रात्री दहापर्यंत पुस्तक समोर ठेवून बसवले जाते. या मुलांचे तास कमी गुणांमुळे वाढलेले असतात. ती पाहणीत ‘जास्त तास, कमी गुण’ अशी नोंदली जातात आणि अभ्यासाचा परिणाम आहे त्याहून लहान भासवतात. उलट काही मुलांना सत्र परीक्षेत अनपेक्षित चांगले गुण पडतात, शिक्षक वर्गात कौतुक करतात आणि ती हुरूप येऊन अधिक बसू लागतात. त्यांच्यामुळे परिणाम मोठा भासतो. एकाच वर्गात या दोन्ही गोष्टी चालू असतात. तास आणि गुण एकदाच, एकाच आठवड्यात टिपलेल्या अर्जावरून कोण आधी आणि कोण नंतर, हे उलगडत नाही.

या शाळेत तर क्रम आणखी बिघडला होता, कारण अर्ज निकालानंतर भरून घेतले होते. ज्याला ७८ गुण मिळाले आहेत, तो मागील दोन महिन्यांकडे पाहून “चार तास तरी बसलो असेन” असे प्रामाणिकपणे आठवतो. ज्याला ४१ मिळाले, त्याला आपण फारसे बसलोच नाही, असे तितक्याच प्रामाणिकपणे वाटते. रोजच्या अभ्यासाची सरासरी कोणीही वहीत लिहून ठेवत नाही, त्यामुळे आठवण निकालाच्या रंगाने रंगते. त्यात अर्जावर नाव होते आणि तो वर्गशिक्षक गोळा करणार होते. अशा अर्जात काही तास गुणांनीच लिहिलेले असतात, असे म्हणावे लागेल. ही चूक टाळणे सोपे होते. निकालाआधी, शक्यतो नोव्हेंबर-डिसेंबरातच, मुलांकडून आठवड्यातील ठरावीक दिवशी ‘काल किती वेळ बसलात’ एवढेच विचारून नोंद ठेवली असती, तर निदान तास गुणांच्या आधी टिपले गेले असते. त्यानेही कारण सिद्ध झाले नसते, पण एक मोठी शंका दूर झाली असती.

तासांत काय मोजले जाते, हेही जाता जाता सांगायला हवे. एक मुलगी दोन तासांत सरावसंचातील वीस उदाहरणे स्वतः सोडवते. दुसरा मुलगा तेवढ्याच वेळात मार्गदर्शक पुस्तकातील उत्तरे सुबक अक्षरात उतरवतो. अर्जावर दोघांचेही ‘२’ असतात.

संख्या वाढवून काय होते

पाहणी लहान होती म्हणून ती अपुरी ठरली, असा एक बचाव येथे केला जातो. समजा बोर्डाच्या कोल्हापूर विभागातील कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांमधून १२,००० मुलांचे असेच अर्ज भरून घेतले आणि पुन्हा १८ गुणांचाच फरक आला. आता त्या १८ मधील योगायोगाचा भाग जवळपास नाहीसा झाला. फरक १७ ते १९ च्या दरम्यान आहे, असे खात्रीने म्हणता येईल. परंतु पुढच्या मुलांचा वाटा जास्त तासांच्या रकान्यात अजूनही तीन चतुर्थांशच आहे. १,२०० किंवा १२,००० मुले घेतल्याने ते प्रमाण बदलत नाही. जी चूक तुलनेच्या रचनेत आहे, ती मोठ्या संख्येने सुधारत नाही, उलट अधिक ठाम आकड्याच्या रूपाने समोर येते. सहसंबंध गुणांक ०.३ असो वा ०.८, हीच गोष्ट लागू आहे. तो आकडा नाते किती घट्ट आहे हे सांगतो, ते कशामुळे आहे हे नाही.

चिठ्ठ्या टाकणे

कारण ओळखायचे असेल, तर तास कोणाचे वाढावेत हे मुलाची हुशारी, घर आणि इच्छा यांच्यापासून सोडवून घ्यावे लागते. ही कल्पना शेतीच्या प्रयोगांतून पुढे आली. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी शेताचे तुकडे पाडून कोणत्या तुकड्याला कोणते खत द्यायचे, हे चिठ्ठीने ठरवण्याची पद्धत घालून दिली आणि १९३५ च्या आपल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. पंचगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीलाच नवे खत घातले आणि माळावरच्या उसाला जुने, तर जास्त उतारा खताचा की जमिनीचा, हे कोणताही ऊस उत्पादक सांगू शकणार नाही. चिठ्ठी टाकली, तर चांगली आणि हलकी जमीन दोन्हीकडे सरासरीने सारखी वाटली जाते. विशेष म्हणजे, जमिनीचे जे गुण आपण मोजलेले नाहीत, तेही सारखे वाटले जातात. वर म्हटलेली न संपणारी यादी चिठ्ठीमुळे अनावश्यक होते.

गणिताच्या बाईंनी मुख्याध्यापकांपुढे हीच रचना ठेवली. सक्ती रद्द करावी. संध्याकाळची अभ्यासिका सुरू करावी, पण तीत बसू इच्छिणाऱ्यांनी पालकांच्या संमतीने अर्ज करावा. जागा ६० आहेत. पुढील वर्षीच्या दहावीतून १२० अर्ज आले, तर त्यांच्यासमोर चिठ्ठ्या टाकून ६० जणांना पहिल्या सत्रात आणि उरलेल्या ६० जणांना दुसऱ्या सत्रात जागा द्यावी. कोणीही वंचित राहत नाही, कारण जागा तशाही अपुऱ्याच आहेत. पहिल्या सत्राच्या शेवटी दोन्ही गटांची एकच परीक्षा घ्यावी आणि उत्तरपत्रिका नावे झाकून तपासाव्यात.

या रचनेत एक शिस्त पाळावीच लागते. चिठ्ठीत नाव आलेल्या ६० पैकी १२ जण महिन्याभरात यायचे थांबले, तर त्यांना वगळून उरलेल्या ४८ जणांची तुलना करण्याचा मोह होतो. तसे केले, की चिठ्ठीने साधलेली समानता पुन्हा मोडते, कारण टिकून राहिलेले ४८ हे अधिक चिकाटीचे असण्याचा संभव आहे. तुलना चिठ्ठीने पडलेल्या सर्व ६० विरुद्ध सर्व ६० अशीच करायची. त्यातून येणारे उत्तर ‘अभ्यासिकेत जागा मिळाल्याने सरासरी किती फरक पडतो’ याचे असते, आणि शाळेला निर्णय घ्यायला नेमके तेच हवे असते.

एका शाळेच्या प्रयोगाची कुवतही आधी मोजून घ्यायला हवी. गणिताचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन १५ असेल, तर ६०-६० च्या दोन गटांच्या सरासरीतील फरकात केवळ योगायोगाने साधारण साडेपाच गुणांपर्यंतचा चढउतार अपेक्षित असतो. नववी आणि दहावीच्या गुणांचे नाते पुरेसे घट्ट असेल, तर नववीचे गुण हिशेबात घेऊन तो तीन-सव्वातीनवर आणता येतो. म्हणजे अभ्यासिकेचा खरा परिणाम दोन गुणांचा असला, तर ही शाळा एकटी तो ओळखू शकणार नाही, आणि फरक दिसला नाही म्हणजे परिणाम नाही, असेही तिला म्हणता येणार नाही. चार-पाच शाळांनी हाच प्रयोग एकाच पद्धतीने केला, तर मात्र तो टप्प्यात येतो. मोठी संख्या येथे खरोखर कामाची ठरते, कारण आता तुलनेची रचना दुरुस्त झालेली आहे.

अभ्यासिकेचा फरक म्हणजे तासांचा फरक नव्हे, हेही मान्य करावे लागेल. तेथे शांतता आहे, दिवा आहे, शेजारी सोबती आहेत आणि शंका विचारायला एक शिक्षक आहे. गुण वाढले, तर ते या सगळ्या मिश्रणाचे श्रेय असेल. केवळ वेळेचा परिणाम वेगळा काढायचा असेल, तर वेळ बदलेल आणि बाकी काही बदलणार नाही, अशी संधी शोधावी लागते. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजमध्ये राल्फ आणि टॉड स्टाइनब्रिकनर या अर्थशास्त्रज्ञांना अशी संधी सापडली; त्यांचा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील वसतिगृहात नव्या विद्यार्थ्यांना खोलीतील जोडीदार नशिबाने मिळत असे. ज्यांच्या जोडीदाराने व्हिडिओ गेमचे यंत्र आणले होते, ते विद्यार्थी सरासरीने कमी अभ्यास करीत आणि त्यांचे गुणही कमी येत. जोडीदार कोण मिळावा हे विद्यार्थ्याच्या हुशारीवर ठरत नसल्यामुळे, त्यावरून वेळेच्या परिणामाचा अंदाज काढता आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की तो अंदाज, तास आणि गुण यांची नुसती तुलना करून निघणाऱ्या आकड्यापेक्षा बराच मोठा होता. आपल्या शाळेत पाहणीने परिणाम फुगवला असण्याची चिन्हे आहेत. तेथे पाहणी तो लपवत होती. अर्थात तेथेही गेममुळे झोप किंवा एकाग्रता बिघडली असेल का, ही शंका संशोधकांना स्वतंत्रपणे तपासावी लागली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा वसतिगृह सुरू केल्यापासून कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर आहे. जिथे खोल्या चिठ्ठीने वाटल्या जात असतील, तिथे असा अभ्यास येथेही करता येईल.

ती पंधरा मुले

तक्त्यातील एका खणाकडे मला परत जायचे आहे, कारण चुकीच्या सूचनेचा खरा भार त्याच खणावर पडतो. नववीत मागे असलेली १५ मुले रोज चार तास बसली आणि त्यांना सरासरी ५० गुण मिळाले. फळ्यावरील सूचनेनुसार चार तास बसणाऱ्याला ६८ मिळायला हवेत. मग या मुलांविषयी शाळा आणि घर दोनच निष्कर्ष काढतात : एक तर ती तासांविषयी खोटे बोलतात, नाही तर ती ‘ढ’ आहेत. यांपैकी कशालाही पाहणीत आधार नाही. आपल्यासारखीच सुरुवात असलेल्या, पण दोन तास बसणाऱ्या मुलांच्या ४४ पेक्षा त्यांना ६ गुण अधिक मिळाले आहेत, आणि ते त्यांनी कदाचित मेहनतीनेच मिळवले आहेत. त्यांना आणखी दोन तास बसवण्यापेक्षा अपूर्णांक आणि समीकरणांचा राहिलेला पाया कोणी नीट घालून दिला, तर काय होईल, हा प्रश्न विचारायला हवा होता. तासांच्या सूचनेने तो प्रश्नच पुसून टाकला.

दुसऱ्या टोकाला, नववीत पुढे असलेली आणि दोनच तास बसणारी १५ मुले सरासरी ६८ वर आहेत. सक्तीच्या यादीत तीही होती. त्यांतील गावाकडच्या मुलांची सव्वासहाची गाडी चुकली असती, आणि घरी पोहोचेपर्यंत झोपेची वेळ झाली असती. चार तासांची झालेली बेरीज त्यांच्या गुणांना वर नेईल की खाली, हे पाहणीवरून कोणालाही सांगता आले नसते.

मुख्याध्यापकांनी फळ्यावरची सूचना काढून टाकली आणि तिच्या जागी बाईंनी लिहून दिलेला मजकूर लावला : “या वर्षीच्या पाहणीत अधिक अभ्यास केल्याचे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण अधिक आढळले. यातील मोठा भाग नववीपासूनच्या तयारीशी जोडलेला आहे. अभ्यास वाढवल्याने किती गुण वाढतात, हे या पाहणीवरून सांगता येत नाही.” काही पालकांना यात मुलांना सूट दिल्यासारखे वाटले. परंतु अभ्यास निरुपयोगी आहे, असे हा मजकूर कुठेही म्हणत नाही. अभ्यासाशिवाय भूमितीचे प्रमेय कोणालाही येत नाही, हे वर्गातील प्रत्येक शिक्षकाला रोजच्या कामातून ठाऊक असते. नाकारले गेले आहे ते एवढेच, की या १२० अर्जांनी ते सिद्ध केले, किंवा एका तासाची किंमत ठरवून दिली.

पुढील वर्षीच्या चिठ्ठीलाही एक मर्यादा राहील, आणि ती प्रयोग सुरू होण्यापूर्वीच अहवालात लिहून ठेवायला बाईंनी सांगितले आहे. अभ्यासिकेसाठी अर्ज तेच करतील ज्यांना संध्याकाळी थांबणे परवडते. जो निकाल येईल, तो या अर्जदारांपुरता खरा असेल. शेवटच्या गाडीने जाणारी, धारेच्या वेळेला घरी असावीच लागणारी मुले त्या १२० मध्ये नसतील, आणि त्यांच्यासाठी सकाळी शाळेआधीचा एखादा तास किंवा शाळेच्या वेळेतीलच एखादा तास, अशी वेगळी सोय करून तिची चिठ्ठी वेगळी टाकावी लागेल.